झ्विटरआयनला मराठीत काय म्हणायचं, आणि 'उदासीन बिंदू'चा घोळ

नीरजा_पुणे: बीएस्सीच्या प्रॅक्टिकलची पुस्तिका मराठीत करतेय. झ्विटरआयनला 'उभयधर्मी आयन' लिहिलं आणि आयसोइलेक्ट्रिक पॉइंटला 'उदासीन बिंदू'. वाचायला दिलं भाच्याला, तर त्याने ग्लायसिनच्या आलेखावर सरळ पीएच 7 ला आडवी रेघ मारली आणि म्हणाला, हा घे तुझा बिंदू. उदासीन म्हणजे 7, शाळेत तेच शिकवलंय! चूक माझी की त्याची?

जर्मनप्रेमी: झ्वाय म्हणजे दोन, म्हणून झ्विटर म्हणजे दोनवाला. सोप्पं आहे, 'द्विआयन' म्हणा की.

शुद्धवादी_काका: द्विआयन म्हणजे दोन आयन झाले हो. इथे कण एकच आहे. संस्कृतात शब्दांचा दुष्काळ नाही, 'उभयप्रभारी' घ्या.

खडूफळा: उभयप्रभारी म्हटलं की मला एकाच वेळी दोन खात्यांचा चार्ज असलेले आमचे मुख्याध्यापक आठवतात 😄

ब्युरेटवाली: तीस वर्षं लॅबमध्ये काढली म्हणून बोलते. जर्मनप्रेमी, मूळ दोनाशीच जातं खरं, पण जर्मनमध्ये झ्विटर म्हणजे उभयलिंगी, दोन जातींचं मिश्रण. आणि नीरजाताई, उभयधर्मी नको, ते अॅल्युमिनियम ऑक्साइडलाही म्हणतात, तो काही झ्विटरआयन नव्हे.

आता भाच्याचं. ग्लायसिन हायड्रोक्लोराइड 0.1 मोलर, 20 मिली घ्या आणि ब्युरेटमधून 0.1 मोलर कॉस्टिक सोडा सोडा. 10 मिलीच्या आसपास पीएच 2.4 ला रेंगाळतो, तिथे कार्बॉक्सिलचा प्रोटॉन निघतोय. 30 मिलीला 9.6 ला पुन्हा रेंगाळतो, तो अमोनियमचा. मध्ये 20 मिलीला आलेख जवळजवळ उभा चढतो, तिथेच तुमचा बिंदू, 5.97. रेणूवर अधिकही आहे, उणेही आहे, बेरीज शून्य. प्रभार नाही असं नाही! खरोखर बिनप्रभाराचा रेणू लाखांत एखादाच सापडतो.

गंमत म्हणजे भाच्याच्या 7 वरच्या रेघेने मिली जवळजवळ बरोबर येतील, 20.05, म्हणजे एका थेंबाचा फरक. पीएच मात्र एका अंकाने चुकला.

नीरजा_पुणे: मग आलेखावरून 5.97 थेट वाचायचंच कसं?

ब्युरेटवाली: वाचू नकाच. उभ्या चढावर 19.9 मिलीला पीएच 4.7 आणि 20.1 ला 7.3, थेंब इकडचा तिकडे झाला की आकडा गेला. आमची पोरं मात्र वर्षानुवर्षं पट्टी लावून तिथूनच आकडा काढायची आणि दर बॅचला निराळं उत्तर. सपाट भागातून दोन पीकेए घ्यायचे, 2.34 आणि 9.60, बेरीज भागिले दोन. पहिला वाचताना जरा जास्तच येतो, 2.4 च्या पुढे, कारण इतक्या आम्लात मोकळा प्रोटॉनही हिशेबात धरावा लागतो, तेवढी दुरुस्ती करायची.

अर्धवट_केमिस्ट: मी तर नुसतं ग्लायसिन पाण्यात विरघळवून सोडा घातला होता, एकच सपाट भाग आला 9.6 ला. तोच बिंदू लिहिला, सरांनी मार्कही दिले.

ब्युरेटवाली: सरांना नमस्कार सांगा. नुसतं ग्लायसिन बाटलीतूनच झ्विटरआयन होऊन येतं, म्हणजे तुम्ही बिंदूवरूनच निघालात आणि पुढे गेलात. सुरुवातीला मीटरवर साधारण 6 दिसलं असेल, ते वाचलं असतं तर पुरलं असतं. 9.6 हा अर्धा प्रोटॉन गेल्याचा आकडा. 1923 मध्ये नील्स बिएरुमने हेच दाखवलं की 9.6 अमोनियमचा आणि 2.34 कार्बॉक्सिलचा, त्याआधी लोक उलटं धरायचे.

बापू_सातारकर: मंडळी, आमच्याकडे पीएचला सामू म्हणतात. आमच्या रानाचा सामू 8.2 आहे, ग्लायसिन टाकलं तर 5.97 वर येईल का?

ब्युरेटवाली: नाही हो बापू, चिमूटभर ग्लायसिनच आपला आकडा सोडून रानाच्या सामूवर जाईल. तिथे बहुतेक रेणू झ्विटरआयनच राहतील, थोडे उणे होतील.

शुद्धवादी_काका: सामू! हा शब्द कुठून आला ते आधी पाहू. साम्य? समता?

खडूफळा: सोसायटीतला सामू वॉचमन.

नीरजा_पुणे: 'उदासीन बिंदू' काढला, 'समप्रभार बिंदू' लिहिते. झ्विटरआयन तसाच ठेवू का?

शुद्धवादी_काका: तसाच? मग शब्दचर्चेचा उपयोग काय? 'उभयप्रभारी' अजून बाद झालेला नाही.

बापू_सातारकर: आणि गंधक टाकलं तर?