ॲनिमेशन क्लबचं पत्र: यादी बरोबर आहे का?

नवीन_सर: शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदा दीड तास ॲनिमेशन क्लब चालवायचा आहे. मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्रात हे लिहिलंय: "साहित्य: ग्राफिक्स कार्ड असलेले 16 कॉम्प्युटर, 16 पेन टॅबलेट, व्यावसायिक सॉफ्टवेअर. अपेक्षित फलित: 24 सत्रांच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थी स्वतःची 5 मिनिटांची फिल्म तयार करेल आणि त्याची सर्जनशीलता वाढेल." काही सुचवाल का?

पेन्सिलवाला: सर, हे पत्र असंच दिलंत तर मंजूर होईल आणि क्लब वर्षभरात बंद पडेल, मी हे जवळून बघितलंय म्हणून जरा लांबलचक लिहितो. आधी फलितापासून सुरू करा, सामानाची यादी त्यातूनच निघते. सेकंदाला 12 चित्रं धरली तर 5 मिनिटांना 3600 चित्रं. दीड तासातला अर्धा तास मांडामांड आणि आवराआवरीत जातो, राहिला एक तास. नवशिक्या पोरगं मागचं चित्र बघत बघत पुढचं काढतं, एका चित्राला चार मिनिटं म्हणजे तासाला 15. म्हणजे 240 सत्रं लागतील, तुमच्याकडे आहेत 24. मूल पहिल्या दिवसापासून फक्त फिल्मच काढत बसलं तरी 360 चित्रं होतात, म्हणजे अर्धा मिनिट. आणि निम्मी सत्रं उसळत्या चेंडूसारख्या सरावात जाणारच, ती गेलीच पाहिजेत. तेव्हा "प्रत्येक विद्यार्थी 10 ते 15 सेकंदांचा तुकडा" एवढंच लिहा. वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापक ते पत्र काढून बघतात हो.

चोवीस_फ्रेम: 12 कुठून आणलं? सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा असतो, 12 वर सगळं अडखळत दिसेल. म्हणजे 7200 चित्रं. शिकवायचं तर नीट शिकवा.

पेन्सिलवाला: फिल्म 24 नेच चालते, पण एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये पिढ्यानपिढ्या हेच चालत आलंय, त्यात पोरांसाठी म्हणून काही सूट नाही. पात्र वेगाने पळतंय किंवा कॅमेरा सरकतोय तिथे प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र लागतं, तेवढं तुमचं बरोबर.

चोवीस_फ्रेम: मग मी तेच म्हणत होतो, वेगाच्या शॉटला 24 च लागतात. बाकीच्यांना 12 चालतं हे ठीक आहे, मान्य.

दहावीची_आई: माझ्या मुलीला ॲनिमेशनलाच जायचंय. अशा क्लबचं सर्टिफिकेट प्रवेशाला धरतात का? तिचा हात फार चांगला आहे पण शाळेत चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकतात, दोन वर्षं झाली हेच चाललंय, आम्ही तीनदा अर्ज दिले, कोणी ऐकत नाही.

पेन्सिलवाला: ताई, प्रवेशाच्या वेळी बहुतेक ठिकाणी पोर्टफोलिओ बघतात, म्हणून तिच्या वह्या जपून ठेवा. माणसं चालताना, बसताना काढलेली झटपट स्केचेस जास्त बोलतात. तासाचं जे झालं ते वाईटच आहे.

लॅबवाला: मी शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. या असल्या यादीचा त्रास शेवटी आम्हाला होतो हे कुणी लक्षात घेत नाही. आमच्याकडे पेन टॅबलेट आले, पण मशीनवर काहीही टाकायला ॲडमिन पासवर्ड लागतो, तो होता बाहेरच्या माणसाकडे. ड्रायव्हर पडेपर्यंत दोन महिने गेले, तोवर पेनवर दाब दिला तरी रेघ सारख्याच जाडीची यायची आणि मुलं म्हणायची पेनच खराब आहेत. साध्या टू-डी कामाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, पेन्सिल टू-डी किंवा क्रिटा फुकट आहेत आणि साध्या मशीनवर चालतात. यादीपेक्षा पत्रात एक ओळ घाला, की ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर कोण टाकणार आणि कुठल्या तारखेपर्यंत.

कागदप्रेमी: मुळात टॅबलेट हवेतच कशाला? पोरं दिवसभर स्क्रीनलाच चिकटलेली असतात. कागद, ते एकावर एक नेमके बसवायला खुंट्यांची पट्टी म्हणजे पेगबार, आणि खालून उजेड देणारा लाइटबॉक्स द्या. टॅबलेटवर एकच रेघ दहा वेळा अनडू करत बसतात, तास संपतो आणि हातात दोन चित्रं असतात. मी 11 वर्षं शिकवतेय, मला हे कुणी समजवायला येऊ नये.

लॅबवाला: मॅडम, कागदावरची 100 चित्रं शेवटी स्कॅन कोण करतं? आमच्याकडे मीच केली, सुटीच्या दिवशी येऊन. आणि पेगबारसाठी कागदाला भोकं पाडताना पंच जरा वाकडा पडला की सगळं पात्र जागच्या जागी थरथरतं, मग "सर, तुम्ही सरळ करा ना". टॅबलेटवर मुलाने पाच चित्रं काढली की लगेच चालवून बघता येतात, चूक तिथल्या तिथे कळते.

कागदप्रेमी: स्कॅन कशाला, स्टँडला कॅमेरा लावून वरून फोटो काढायचे. आणि कागद बोटांत धरून फडफडवला की तेवढंच कळतं. पंच वाकडा पडतो तो न शिकवल्यामुळे. आणि तुमचा तो बिनस्क्रीनचा टॅबलेट, हात खाली आणि डोळे वर, लहान मुलाचं त्याच्याशी जुळायलाच तीन-चार आठवडे जातात, 24 पैकी.

लॅबवाला: "न शिकवल्यामुळे" म्हणजे? आमच्या बाई रोज उशिरापर्यंत थांबायच्या. न बघता असं बोलू नका.

कागदप्रेमी: बाईंना नाही म्हटलं मी. शब्द चुकला. मत तेच आहे.

मातीची_माणसं: दोघं भांडताय चित्रांवरून आणि अर्ध्या मुलांना चित्रं काढायचीच नसतात. स्टॉप मोशन धरा. चौघांचा एक गट, 16 मुलांचे चार गट, गटाला एक जुना फोन, एक घट्ट स्टँड, दोन टेबललॅम्प आणि मातीच्या बाहुल्या. 10 सेकंदांना 120 फोटो, तीन-चार सत्रांत होतात. आमच्या पहिल्या वर्षी मात्र पूर्ण फिल्म वाया गेली. टेबल खिडकीपाशी होतं, संध्याकाळी उजेड उतरत गेला, मध्ये ढग आले, आणि फोन ऑटोवर असल्यामुळे प्रत्येक फोटोला स्वतःच उजेड आणि रंग बदलत होता. चालवून बघितली तर चित्र सतत लुकलुकतंय. मुलांनी तीन आठवडे बाहुल्या अर्धा-अर्धा सेंटीमीटर सरकवल्या होत्या, दोघी रडल्या, मला अजून आठवतं. आता एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करतो, पडदे ओढतो आणि दर 20 फोटोंनी चालवून बघतो. तरी एकदा एकाच बाजूने उजेड वाढत-घटत होता, शोधलं तर एका मुलाचा पांढरा शर्ट. तो बाहुली हलवून कधी जवळ थांबायचा, कधी मागे व्हायचा, आणि दिव्याचा उजेड शर्टावरून सेटवर पडायचा. आता फोटो काढताना सगळे दोन पावलं मागे. म्हणून पत्रात जाड पडदे लिहा, ते कुणीच लिहीत नाही.

नवीन_सर: पडदे खरंच सुचले नव्हते. पण अर्धवट सेट आठवडाभर ठेवायचा कुठे? त्याच खोलीत सकाळी वर्ग भरतो.

मातीची_माणसं: तिथेच खरी अडचण आहे. सेट मोठ्या पाटीवर बांधा म्हणजे उचलून कुलपाच्या कपाटात जाईल. टेबलावर पाटीच्या कडा आणि स्टँडचे पाय टेपने आखून ठेवा, आणि पुढच्या वेळी शेवटचा फोटो स्क्रीनवर पुसट ठेवून जुळवा. तरी बारीकसा झटका दिसतोच, म्हणून आम्ही दिवस संपवताना शॉटही संपवतो.

पेन्सिलवाला: मी चित्रांचंच धरून बसलो होतो. पहिल्या वर्षाला हे जास्त जमेल, असं म्हणावं लागतंय. फक्त "सर्जनशीलता वाढेल" काढा सर, ते कोण आणि कसं मोजणार. त्याऐवजी लिहा, की प्रत्येक मूल चेंडूची उसळी अशी काढेल की चेंडू वर जाताना मंदावतो आणि खाली येताना वेग घेतो. हे कुणालाही बघून कळतं.

कागदप्रेमी: आणि ती उसळी कागदावर.

लॅबवाला: किंवा टॅबलेटवर.

नवीन_सर: पत्र बदललं: "साहित्य: चार जुने फोन, चार स्टँड, आठ लॅम्प, जाड पडदे, कुलपाचं कपाट. फलित: प्रत्येक मुलाची एक उसळी, प्रत्येक गटाचा 10 सेकंदांचा तुकडा." उसळीसाठी कागद आणि पेगबार मागतोय, टॅबलेट या वर्षी नाही. लॅबवाले दादा, फोनमधले फोटो जोडायला तुमच्यासारख्या कुणाची तरी मदत लागेल, ती ओळ पत्रात कशी लिहू?