मदत हवी आहे: टायपो आणि इमोजी आहेत म्हणजे लेख माणसानंच लिहिला, असं धरावं का?

पारावरचा_पिंपळ

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा मोठ्यांसाठी लेखनस्पर्धा ठेवली होती. विषय "आमच्या घरातला एक डबा". मेलवर ४१ लेख आले. परीक्षक आम्ही तिघं, तिघंही हौशी. एआयकडून लिहून घेतलेले लेख कसे ओळखायचे यावर दोनदा चहा झाला आणि ठरलं ते असं: ज्यात टायपो आहेत, "लय भारी", "भावा" वगैरे आहे, मधेच एखादा 😂 आहे, तो लेख माणसाचा. एकही चूक नसलेला लेख संशयित.

या नियमानं तीन लेख बाद झाले. त्यातला एक सी विंगमधल्या काकूंचा. काकू ३० वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. मला लिफ्टमध्ये गाठून म्हणाल्या, "चूक सापडली नाही म्हणून बाद केलंत होय रे? आयुष्यभर त्याचाच पगार घेतला मी."

दुसरं बक्षीस दिलं "लोणच्याचा डबा" या लेखाला. त्यात 'खुप', 'माहीती', 'आज्जीनी' आणि दोन 😂. निकाल लावून झाल्यावर ती मेल परत उघडली, तर लेख संपल्यावर बऱ्याच रिकाम्या ओळी आणि त्याखाली हे:

"सूचनेप्रमाणे शुद्धलेखनाच्या काही चुका आणि बोलीतले शब्द ठेवले आहेत. मजकूर आणखी अनौपचारिक करून देऊ का?"

तिघांपैकी एकानंही खालपर्यंत स्क्रोल केलं नव्हतं. बक्षीस समारंभ रविवारी आहे. चुकांना पुरावा म्हणून काही किंमत आहे की नाही? नसेल तर बघायचं काय?

ठसकेबाज

नियम बरोबर होता, तुम्ही चुका नीट बघितल्या नाहीत. 'खुप', 'माहीती' या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका झाल्या, त्या कुणीही मुद्दाम करेल. खरी चूक बोटाची असते. रोमनमधून टाइप करणाऱ्याचा 'काळ' चा 'काल' होतो, कारण मोठा L दाबायचा राहतो. बोलून टाइप करणाऱ्याचा एखादा शब्द पूर्ण वेगळाच उमटतो, पण तो शुद्ध असतो. चुकीला कारण सापडलं की माणूस सापडला.

सांजवात७२

अगदी! माझ्या फोनवर 'काळ' लिहिलं की हमखास 'काल' येतं. नवीन फोन घेतल्यापासून हा त्रास आहे. कुणी चांगला मराठी कीबोर्ड सुचवेल का?

शून्य_बाकी

ठसकेबाज यांचं निरीक्षण चांगलं आहे, पण ते फक्त आळशी लबाडाला पकडेल. मी गंमत म्हणून हे करून पाहिलं होतं:

```
import random
def chuka(s, p=0.03):
    a = list(s)
    for i in range(len(a) - 1):
        if random.random() < p:
            a[i], a[i+1] = a[i+1], a[i]
    return "".join(a)
```

शेजारशेजारची दोन चिन्हं अधूनमधून अदलाबदल करायची, बस. इंग्रजीत हे खपून जातं. मराठीत 'किती' मधला क आणि ऱ्हस्व वेलांटी उलटसुलट झाली, की वेलांटी शब्दाच्या सुरुवातीला येते आणि स्क्रीनवर ठिपक्यांच्या गोलावर लटकते. असला टायपो माणसाच्या हातून सहसा होत नाही, त्यामुळे चोरी लगेच दिसते. पण हे झालं माझ्या सात ओळींचं. आजच्या यंत्राला "रोमनमधून टाइप करणाऱ्यासारख्या चुका कर" एवढं सांगितलं की काम झालं. ठसकेबाजांनी वर जे लिहिलंय, तेच तिकडे डकवता येईल.

आणि ही युक्ती नवीन नाही. १९५० साली ॲलन ट्युरिंगनं यंत्र विचार करतं का यावर निबंध लिहिला. त्यात नमुन्याची प्रश्नोत्तरं आहेत. ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली जाते, उत्तर देणारा साधारण ३० सेकंद थांबतो आणि सांगतो १०५६२१. करून बघा, बरोबर उत्तर १०५७२१ आहे. पुढे तो लिहितोच, की माणूस म्हणून खपायचं असेल तर यंत्र मुद्दाम चुका करेल. म्हणजे चूक करणं हे सोंगाचाच भाग आहे, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं.

अलीकडचं सांगतो. २०२५ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी एक प्रयोग जाहीर केला. परीक्षक एका माणसाशी आणि एका यंत्राशी एकाच वेळी पाच मिनिटं गप्पा मारतो, मग माणूस कोणता ते सांगतो. जीपीटी-४.५ ला "तू इंटरनेटवर रुळलेला, जरा बुजरा, स्लँगमध्ये बोलणारा तरुण आहेस" अशा धर्तीचं सोंग दिलं, तेव्हा ७३ टक्के वेळा त्यालाच माणूस ठरवलं गेलं. सोंग न देता तेच यंत्र ३६ टक्क्यांवर आलं. यंत्र तेच, फरक फक्त सूचनेचा.

तुमच्या स्पर्धेचा हिशेब असा मांडा. समजा माणसांच्या १०० लेखांत ६० मध्ये टायपो असतात. यंत्राला काहीच सांगितलं नाही तर १०० त २ मध्ये. असं असेल तर टायपो हा जोरदार पुरावा. पण ज्याला फसवायचंय तो सूचना देणार, आणि त्याच्याही १०० त ६० मध्ये टायपो दिसणार. मग टायपो दिसला काय, न दिसला काय, तुम्हाला काहीच कळलं नाही. तुमचा नियम लबाडाला अर्ध्या वाक्यात ओलांडता येतो. काकूंना तो ओलांडायचा तर मुद्दाम अशुद्ध लिहावं लागेल.

मिरची_कमी

माझा अनुभव. "घरबसल्या काम" वाला एक मेसेज आला होता. समोरचीच्या मेसेजमध्ये इतके टायपो आणि 🙈 की मला वाटलं, खरीच बाई आहे, बॉट असं थोडंच लिहील. ४,००० रुपये गेले. नंतर लक्षात आलं की ती बॉट होती की बाई, याचा पैशाशी काही संबंधच नव्हता. खरी बाई असती तरी गेलेच असते.

ठसकेबाज

@शून्य_बाकी, मग उलटं तरी चालेल का? इमोजी आणि 'भावा' दिसलं की संशय घ्यायचा?

शून्य_बाकी

नको! ४१ पैकी बहुतेकांनी खरंच तसं लिहिलं असेल. कुठल्याच बाजूनं वजन देऊ नका. ज्याचं सोंग घ्यायला कष्ट पडतात ते बघा. लेख ऑनलाइन दस्तऐवजात लिहिला असेल तर त्याची आवृत्त्यांची नोंद मागा. तासभर अडखळत, खोडत लिहिलेला मजकूर आणि एका क्षणात डकवलेला मजकूर त्यात वेगळे दिसतात. कुणी यंत्राचा मजकूर समोर ठेवून पुन्हा टाइप केला तर मात्र तीही फसेल. आणि कागदावर लिहून मग डकवणाऱ्याला उगीच दोषी ठरवू नका. त्यापेक्षा समोर बसवून दहा मिनिटं बोला: हा परिच्छेद इथे का, काय गाळलं, डब्याचं झाकण कसं होतं. लेखात नसलेलं विचारा.

पारावरचा_पिंपळ

दोघांनाही काल बोलावलं. काकू जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेला कच्चा खर्डा घेऊन आल्या, समासात मुद्रितशोधनाच्या खुणांसकट. त्यांचा लेख परत स्पर्धेत घेतला.

लोणच्याच्या डब्यावाल्यांचं अवघड झालंय. झाकण विचारलं तर म्हणाले, पितळेचं, एका बाजूला चेपलेलं, आजी ते उघडायला उलथन्याचा दांडा वापरायची. डबा घरी आहे, फोटोही दाखवला. आठवण शंभर टक्के त्यांची. "मला मराठी टाइप करता येत नाही, बोलून सांगितलं आणि त्याला लिहायला लावलं. चुका का घालायला सांगितल्या? तुमच्याच ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं ना, की शुद्ध लेख बाद होणार म्हणून."

ते ग्रुपवर मीच टाकलं होतं. नियमावलीत एआयबद्दल एक शब्द नाही. आज रात्री परत बैठक आहे, दोघांचं मत बक्षीस काढून घ्या, माझं अजून ठरत नाही.

सांजवात७२

कीबोर्डचं कुणीच सांगितलं नाही.