अनुभव धागा: ग्राहकाचा व्हिडिओ घेताना काय विचारलं की नेमकं उत्तर आलं?

खानापूरची ताई: मी शिलाई मशीनच्या जुन्या क्लच मोटरी काढून सर्वो मोटरी बसवून देते. फोन समोर धरला की बायका "लई छान आहे" म्हणतात आणि गप्प. तुम्ही काय विचारता? अनुभव लिहा.

उद्यमबागवाला: "कशी वाटली?" विचारलं की "छान"च येणार. आधी जुने दिवस आठवायला लावा. "जुनी मोटर होती तेव्हा दिवसभर कशाचा त्रास व्हायचा? आता काय बदललं? कशावरून कळलं?" या क्रमाने जा. तिसऱ्या प्रश्नाला आकडा येतो. उत्तर संपलं तरी तीन-चार सेकंद बोलू नका; खरी गोष्ट बऱ्याचदा त्यानंतरच येते. नंतर तुमचा आवाज कापायचा असेल तर प्रश्नातले शब्द उत्तरात घ्यायला सांगा. नुसतं "निम्मा झाला" ऐकून बघणाऱ्याला काय कळणार?

निपाणीकर: मी कागदावर लिहूनच देतो. एका दमात काम होतं.

उद्यमबागवाला: काम होतं, पण नजर कागदावर जाते आणि आवाज वाचल्यासारखा येतो. मुद्दे तुमच्या हातात ठेवा, वाक्यं त्यांची येऊ द्या.

वडगावची वहिनी: आमच्या मागांच्या खडखडाटात काहीच ऐकू येत नाही. कुठला फोन घ्यावा?

उद्यमबागवाला: वहिनी, फोन आहे तोच चालेल. बोलण्यापुरते माग बंद ठेवा, माइक कॉलरला लावा. चालू मागाचं चित्र वेगळं घ्या आणि बोलण्यावर जोडा.

खानापूरची ताई: एका शिवणाऱ्या काकूंकडे करून बघितलं. पंखा बंद केला, फोन एअरप्लेन मोडवर टाकला, त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं. "कशावरून कळलं?" म्हटल्यावर त्या उठून हेस्कॉमची विजेची बिलंच घेऊन आल्या. मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे दोन्ही बिलं शून्य रुपयांची, म्हणून युनिट बघितले: आधी ९६, नंतर ७१. मग त्याच म्हणाल्या, "जुनी मोटर मी काज-बटण करत बसले तरी घूं घूं फिरायची. ही पाय दाबला तरच फिरते." माझ्या कुठल्याच जाहिरातीत हे इतकं सोपं आलं नव्हतं. बिल दाखवताना ग्राहक क्रमांक बोटाने झाकायला सांगितलं, आणि व्हिडिओ कुठे टाकणार तेही आधी विचारून घेतलं.

शहापूरचा दादा: त्या महिन्यात शिवणच कमी असेल तर? लग्नसराई संपली की युनिट असेच उतरतात.

खानापूरची ताई: बरोबर आहे दादा. वहीत दोन्ही महिन्यांचे ब्लाउज जवळपास सारखेच निघाले. पण पंखा किती चालला ते कुणी लिहून ठेवतं का? म्हणून "मोटरमुळे २५ युनिट वाचले" असं व्हिडिओवर लिहिलं नाही, दोन बिलांचे आकडे तेवढे दिले.

चिकोडीचा पाहुणा: माझी निम्मी गिऱ्हाइकं कन्नड बोलतात. मराठीत बोला म्हटलं की दोन वाक्यांत संपवतात.

उद्यमबागवाला: त्यांना कन्नडमध्येच बोलू द्या, खाली मराठी अक्षरं टाका.

निपाणीकर: खालची अक्षरं वाचतं कोण? आमच्याकडे तर कुणी थांबत नाही.