‘अदत्त खर्च’ म्हणजे थकबाकी का?

मजकूरवाली: गृहनिर्माण संस्थांच्या खजिनदारांसाठी हिशेबतपासणीची पुस्तिका मराठीत करतेय. ३१ मार्चपर्यंत वापरलेल्या पण बिल न आलेल्या विजेच्या खर्चाला ‘अदत्त खर्च’ लिहिलं. एक खजिनदार रागावले. म्हणाले, ‘आम्ही कधी काही थकवलेलं नाही, ताळेबंदात अदत्त कशाला?’ त्यांचं चुकतंय असंही वाटत नाही. काय वापरता तुम्ही?

शब्दवेडा: ‘उपार्जित’ घ्या. शुद्ध आणि नेमका.

खतावणी: उपार्जित म्हणजे कमावलेलं. उत्पन्नाला ठीक. खर्च कोण कमावतं? शाळेच्या पुस्तकात अदत्त आणि पूर्वदत्त होते, आम्ही तेच शिकलो. ऑफिसात सगळे आउटस्टँडिंग आणि प्रीपेडच म्हणतात.

शब्दवेडा: ऑफिसात म्हणतात म्हणून पुस्तिकेतही इंग्रजीच छापायचं? मग भाषांतर कशाला?

कोकणकडा: आमच्याकडे व्याज ‘चढतं’. मग ‘चढलेला खर्च’ का नको? बिल येवो न येवो, मीटर फिरतोय तसा खर्च चढतोच.

शब्दवेडा: चढलेला खर्च म्हणजे खर्च वाढला, असंच कुणीही वाचेल.

सुट्टेपैसे: एवढा घोळ कशाला? बिलाची तारीख बघायची. मार्चची असेल तर या वर्षात, एप्रिलची असेल तर पुढच्या.

खतावणी: नाही, तिथेच घसरतात सगळे. संस्थांच्या तपासणीत मी एप्रिल ते जून या महिन्यांचं बँकबुक उघडते आणि मोठ्या रकमांची बिलं मागवते. तारीख नंतर, आधी ‘कालावधी’ची ओळ. समजा, विजेचं बिल १५ एप्रिलचं, ३१,००० रुपयांचं, पण कालावधी १२ मार्च ते ११ एप्रिल. एकूण ३१ दिवस, त्यातले मार्चचे २०. म्हणजे २०,००० सरत्या वर्षाचे. तुमच्या नियमाने ते पुढच्या वर्षात जातील आणि या वर्षीचा शिल्लक आकडा तेवढा फुगेल.

सुट्टेपैसे: मग आगाऊ दिलेल्याला तरी पावतीची तारीख चालेल ना?

खतावणी: तिथेही नाही. लिफ्टचा वार्षिक करार १ डिसेंबरपासून, १,२०,००० रुपये एकदम भरले. मार्चअखेर चार महिने वापरले, म्हणजे ४०,००० खर्च. उरलेले ८०,००० ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला. व्हाउचरवर फक्त ‘लिफ्ट मेंटेनन्स’ लिहिलेलं असतं, म्हणून करारपत्र मागवल्याशिवाय हे कळतच नाही.

चाळकरी: आमच्या संस्थेने वीजजोडणीसाठी डिपॉझिट भरलंय. तेही प्रीपेडमध्ये टाकायचं ना? दरवर्षी थोडं थोडं खर्चात दाखवू.

खतावणी: डिपॉझिट परत मिळणार असतं, ते झिजत नाही. ते वेगळं दाखवा.

मजकूरवाली: खतावणीताई, नोंद एकदा केली की संपलं ना? पुस्तिकेत तेवढंच आहे.

खतावणी: ते अर्धंच झालं. नवीन वर्ष लागलं की गेल्या वर्षीची प्रत्येक नोंद फिरवायची. लिफ्टचे ते ८०,००० आता या वर्षीच्या खर्चात यायला हवेत. दोन ताळेबंदांत पूर्वदत्ताचा आकडा जसाच्या तसा दिसला की मला शंका येते, कुणी हात लावलेला नाही. विजेचं उलट. एप्रिलमध्ये ३१,००० भरले आणि सगळेच खर्चात टाकले, तर २०,००० दोनदा मोजले जातात आणि देणं कागदावर तसंच राहतं. म्हणून मी वर्षभरात वीजखात्याला किती महिन्यांचा खर्च पडला ते मोजते. बारापेक्षा जास्त भरले तर हमखास हेच झालेलं असतं.

कोकणकडा: म्हणजे तुमचे खजिनदार बरोबरच होते. देण्याची वेळच आली नव्हती, मग ‘अदत्त’ कसं?

खतावणी: दत्त नाही ते अदत्त, शब्दात चूक नाही. पण ‘थकबाकी’चा वास येतो हे मान्य. बिल येऊन पडलेलं आणि बिल न आलेलं, ही दोन्ही देणी मी एकाच नावाखाली दाखवते, यादीत मात्र वेगळी लिहिते. कारण पहिल्याचा पुरावा हातात असतो आणि दुसऱ्याचा अंदाज नंतरच्या बिलावरून पडताळावा लागतो.

शब्दवेडा: दोन वेगळ्या गोष्टी असतील तर दोन शब्द हवेत. ‘देय’ आणि ‘अदेय’.

कोकणकडा: अदेय म्हणजे जे द्यायचंच नाही ते! खजिनदार खूश होतील, पण लिफ्टवाला नाही.

मजकूरवाली: सध्या ‘बिल न आलेला खर्च’ असं सरळ लिहून टाकते. पण पूर्वदत्तचं काय? एका काकूंनी तो ‘पूर्वजांनी दिलेला’ असा वाचला.

सुट्टेपैसे: ‘पेशगी’ लिहा. जुना शब्द आहे.

शब्दवेडा: पेशगी फारसी. ‘आगाऊ’ आहे की आपला.

चाळकरी: पेशगी तर कामगाराला देतात. आमच्या रंगाऱ्याला मार्चमध्ये दिली, काम मेमध्ये सुरू झालं. हे कुठे जाणार?