अडीच वर्षांच्या मुलीला दहा तास झोप पुरते का? (ठाणे)

कासारवडवलीकर: लेक दोन वर्षं सात महिन्यांची आहे. आम्ही दोघं नोकरी करतो. ती दिवसभर पाळणाघरात असते. नवरा घरी येईपर्यंत नऊ वाजतात, मग बापलेकीचा खेळ रंगतो आणि झोपायला पावणेअकरा होतात. सकाळी सातला उठवावंच लागतं. सासूबाई म्हणतात, "पोर हसतंय-खेळतंय, झोप कसली मोजता?" पण संध्याकाळी सहा-साडेसहाला ती इतकी किरकिर करते, की चप्पल कुठल्या पायात आधी घालायची यावरून रडून लोळते. हा हट्टाचं वय असल्याचा भाग, की झोप कमी पडतेय? किती तास हवी आणि पुरते की नाही हे ओळखायचं कसं?

नेरूळचा_बाबा: दुपारची झोप बंद करून टाका. आम्ही तेच केलं, आता लेक साडेआठला आडवा होतो.

वर्तकनगर_मावशी: बाबा, तुमचा मुलगा किती वर्षांचा?

नेरूळचा_बाबा: साडेचार.

वर्तकनगर_मावशी: मग तुमच्याकडे ते जमणारच. मी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बरीच वर्षं नर्स आहे. अडीच वर्षांच्या बहुतेक मुलांना दुपारची झोप लागतेच. ती काढली तर दीड-दोन तास जातात आणि रात्री अर्धा-पाऊण तासच वाढतो. शिवाय संध्याकाळ आणखी वाईट जाते.

ताई, एक ते दोन वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत अकरा ते चौदा तास झोप लागते आणि तीन ते पाचला दहा ते तेरा, दुपारची धरून. तुमची लेक दोन्हींच्या मध्ये आहे, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून निकाल लागणार नाही. आठवडाभर कागदावर लिहा: गादीवर कधी गेली ते नको, डोळा कधी लागला ते लिहा. आणि रविवारी अजिबात उठवू नका.

ऐरोली_नवीन_आई: माझं बाळ पाच महिन्यांचं आहे, दिवसा एका वेळी अर्धाच तास झोपतं. म्हणजे त्यालाही कमी पडतेय का? अकरा तास तर रात्रीच होतात.

वर्तकनगर_मावशी: तुमच्या बाळाचा हिशोब वेगळा. चार महिने ते वर्षापर्यंत बारा ते सोळा तास, आणि त्या वयात अर्ध्या अर्ध्या तासाच्या डुलक्या अगदी नेहमीच्या. सगळ्या डुलक्या रात्रीच्या झोपेत मिळवा. चार महिन्यांच्या आतल्या बाळांमध्ये तर इतका फरक असतो, की मी आयांना तास मोजूच देत नाही. दूध नीट पितंय का आणि वजन वाढतंय का, एवढंच विचारते.

कासारवडवलीकर: आठवडा लिहिला. सोमवारी रात्री 10.50 ते 7 आणि दुपारी 2 ते 4, म्हणजे दहा तास दहा मिनिटं. मंगळवारी 11.10 झाले, एकूण 9 तास 50 मिनिटं. बाकीचे वारही असेच. शनिवारी रात्री 10.45 ला झोपली ती रविवारी थेट नऊला उठली, आणि दुपारी परत पावणेदोन तास! बारा तास झाले. आणि हो, पाळणाघरातून रिक्षाने येताना दहा मिनिटांत मान टाकते.

वर्तकनगर_मावशी: हेच पाहायचं होतं. रविवारी मोकळीक मिळाली की दोन तास जास्त झोपते, रोज उठवावं लागतं, छोट्या प्रवासात डोळा लागतो. तिला कमी पडतेय. हेच दहा तास झोपून एखादं मूल आपणहून उठलं असतं, संध्याकाळपर्यंत ताजं राहिलं असतं, तर मी काही बदला म्हटलं नसतं.

झोपेची वेळ एकदम नऊवर आणू नका, तासभर गादीत लोळत बसेल. दर दोन-तीन दिवसांनी पाव तास मागे घ्या. पाळणाघरातल्या ताईंना दुपारी लवकर झोपवून सव्वातीनला उठवायला सांगा. उठायची वेळ सात तीच ठेवा. आणि एक विचारते, घोरते का? तोंड उघडं ठेवून झोपते का?

नेरूळचा_बाबा: घोरणं म्हणजे गाढ झोप ना?

वर्तकनगर_मावशी: नाही हो. सर्दी नसताना जवळपास रोज घोरत असेल, तर नाकामागची अडिनॉइड्स वाढलेली असू शकतात. मग तास पुरे भरले तरी मूल दमलेलंच उठतं.

कासारवडवलीकर: बारा दिवसांनी लिहितेय. आता 9.40 ला झोपते, दुपारी दीड ते सव्वातीन, एकूण अकरा तास पाच मिनिटं. काल रविवारी 7.35 ला आपणहून उठली. संध्याकाळचं रडणं कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही. नवऱ्याला मात्र लेक जेमतेम अर्धा तास भेटते, तो नाराज आहे. सकाळी तिला तोच उठवून आंघोळ घालतो, पण खेळाची भरपाई त्यात होत नाही, असं त्याचं म्हणणं. आणि मावशी, सर्दी नसतानाही तोंड उघडंच असतं. रात्री व्हिडिओ काढून ठेवलाय, शनिवारी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेतोय.