मदत हवी आहे : कंत्राटदाराला त्रुटींचं पत्र कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. एका इमारतीच्या कामाची पूर्णत्वाची कागदपत्रं कंत्राटदाराने सादर केली आहेत. तपासताना दोन गोष्टी खटकल्या, त्यांचं पत्र मला परवापर्यंत पाठवायचं आहे.

पहिली, क्यूब टेस्टचा अहवाल. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब 4 मार्चला ओतला, तशी साइट रजिस्टरमध्ये नोंद आहे. अहवालावर '28 दिवसांची ताकद' लिहिलंय, पण चाचणीची तारीख 25 मार्च, म्हणजे अवघे 21 दिवस. तारीख चुकली असेल किंवा क्यूब दुसऱ्याच ओतकामाचे असतील. नुसता दुरुस्त अहवाल मागितला तर तारीख बदलून तोच कागद परत येईल, अशी मला भीती वाटते. म्हणून प्रयोगशाळेच्या नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत आणि क्यूबवरचे ओळख क्रमांक मागावेत असं वाटतं. बरोबर आहे ना?

दुसरी, ॲज-बिल्ट नकाशे. मूळ नकाशांवरच शिक्का मारलाय. सांडपाण्याची पाइपलाइन प्रत्यक्षात जिन्याच्या दुसऱ्या बाजूने गेली आहे, नकाशात ती जुन्याच जागी दिसते. उद्या कोणी तिथे खोदलं तर?

लिफ्टचं वॉरंटीपत्र आलेलंच नाही, ते सरळ मागेन.

सगळा संच परत पाठवावा, की बरोबर असलेले कागद स्वीकारून बाकीचे मुदत देऊन मागवावेत? आणि हे पत्र म्हणजे काम स्वीकारल्याची कबुली नाही, हे कोणत्या शब्दांत लिहिता? कोणाकडे मसुदा असेल तर कृपया द्या.