अनुभव धागा: पाठवलेलं बिल पोहोचलं की नाही, हे तुम्हाला कधी कळलं?

शब्दवेल्हाळ (ठाणे)

मी औषधांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करते. ऑगस्टमध्ये एका कंपनीला 38,500 रुपयांचं बिल मेल केलं. 45 दिवस वाट पाहिली आणि फोन केला, तर हिशेबखात्यातल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुमचं बिल आलेलंच नाही." माझ्या सेंटमध्ये मेल होता, परतही आला नव्हता. त्यांचा स्पॅम फोल्डर उघडायला लावला, तिथंही नाही. शेवटी त्यांच्या आयटीवाल्यांना तो क्वारंटाइनमध्ये, म्हणजे फिल्टर संशयित मेल अडवून ठेवतो तिथं, सापडला. म्हणजे ज्यांना पाठवला, त्यांच्यापर्यंत तो गेलाच नाही आणि त्यांना दिसलाही नाही. दीड महिना मी त्यांना मनातल्या मनात दोष देत होते, याचं आता फार वाईट वाटतं.

पीडीएफला नाव काय देता, पाठवता कसं, पोहोचल्याची नोंद कशी ठेवता, ते कृपया सविस्तर लिहा.

तारयंत्र (नाशिक)

पंधरा वर्षं मेल सर्व्हर सांभाळतोय. ताई, बिल जसं नेहमी पाठवता तसंच स्वतःच्या जीमेलवर पाठवा. मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांत `Show original` दाबा आणि वरच्या तक्त्यात `SPF` आणि `DKIM` पुढे काय लिहिलंय ते इथं सांगा.

शब्दवेल्हाळ

`SPF: PERMERROR` असं आहे. `DKIM` पुढे पास आहे, पण डोमेन माझं नाही, बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यांचं आहे. साधा पत्रव्यवहार मी गूगलच्या मेलवरून करते, बिलं मात्र त्या सॉफ्टवेअरमधून माझ्याच पत्त्याने जातात.

तारयंत्र

मग दुखणं सापडलं. सॉफ्टवेअर घेतलंत तेव्हा वेबसाइटवाल्याने जुन्या एसपीएफ नोंदीखाली दुसरी नोंद घातली असणार. आपल्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्यांची ही यादी असते, आणि एका डोमेनला अशी एकच यादी चालते. दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही बाद धरतो. म्हणजे तुमचे गूगलवरून जाणारे साधे मेलही तेव्हापासून त्या तपासणीत नापास होत असणार. दोन्ही नोंदी काढून एकच ठेवा (दुसरं नाव उदाहरणादाखल आहे, सॉफ्टवेअरवाले देतील ते घाला):

```
v=spf1 include:_spf.google.com include:mail.example.com ~all
```

दुसरं काम डीकेआयएमचं, म्हणजे मेलवर पडणाऱ्या डिजिटल सहीचं. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये स्वतःचं डोमेन जोडायची सोय बहुतेक असते. तिथं मिळणारी नोंद डीएनएसमध्ये घातली की मेलवर सही तुमच्या डोमेनची पडते. आत्ता पत्र तुमच्या नावाचं आणि सही दुसऱ्याची, शिवाय सोबत जोडलेली फाइल आणि पैशांची मागणी. कंपनीचा फिल्टर संशय घेणारच. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे या दोनपैकी निदान एक तरी असावंच लागतं.

घाटमाथा (सातारा)

एवढं कशाला करायचं? मी मेलमध्ये ट्रॅकर लावतो. समोरच्याने उघडला की मला खूण दिसते. तीन वर्षं हेच चाललंय.

तारयंत्र

दादा, ती खूण म्हणजे मेलमधलं एक अदृश्य चित्र उतरवलं गेलं, एवढंच. ॲपलच्या मेलमध्ये 2021 पासून गोपनीयतेची सोय आली. ती चालू असली तर माणसाने मेल पाहिला नसला तरी चित्र उतरतं. उलट आउटलुकमध्ये चित्रं बंद असली की वाचूनही खूण येत नाही.

घाटमाथा

हे माहीत नव्हतं. पण माझे बरेच ग्राहक छोटे दुकानदार, जीमेलवाले. त्यांच्या बाबतीत अंदाज बरोबर येतो, हे मी अनुभवावरून सांगतो.

खतावणी (नागपूर)

मी दुसऱ्या बाजूला बसते. एका कारखान्यात पुरवठादारांची बिलं नोंदीला लावते. महिनाअखेरीला दिवसाला सत्तर-ऐंशी मेल येतात आणि निम्म्या फायलींचं नाव `Invoice.pdf` असतं. उतरवून घेतल्या की `Invoice (7).pdf`, `Invoice (8).pdf` अशी रांग लागते. कोणतं कोणाचं, हे प्रत्येक उघडून पाहावं लागतं. मला आवडणारं नाव असं:

```
Shabdavel_AT-2526-014_PO-7731.pdf
```

आधी पाठवणाऱ्याचं नाव, मग बिल क्रमांक, मग आमचा ऑर्डर क्रमांक. फाइलच्या नावात ग्राहकाचं नाव घालणारे बरेच आहेत. ते त्यांच्या फोल्डरला सोयीचं, पण आमच्याकडे सगळ्याच फायली आमच्याच नावाच्या होतात.

आणखी एक. बिल क्रमांकात तिरकी रेघ टाळा. जीएसटीच्या नियमात 16 अक्षरांपर्यंतचा क्रमांक चालतो, त्यात आडवी रेघ चालते आणि तिरकीही चालते. पण विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ बसत नाही. मग बिलावर `AT/2526/014` आणि फाइलवर `AT-2526-014` असं होतं, आणि एक शोधलं की दुसरं सापडत नाही. दोन्हीकडे आडवी रेघच ठेवा. नवा क्रम 1 एप्रिलला सुरू करा, वर्षाच्या मध्ये नको.

गुरुजी_निवृत्त (सांगली)

मी पीडीएफला पासवर्ड लावतो, बँका लावतात तसा. सुरक्षित राहतं.

खतावणी

काका, आमच्याकडे अशी फाइल फिल्टर उघडूच शकत नाही, म्हणून अडवून ठेवतो. अडली नाही तरी आमचं सॉफ्टवेअर ती वाचत नाही. बँकेचं पत्रक एकट्या खातेदाराने उघडायचं असतं, बिल आमच्याकडे चार टेबलांवर फिरतं.

मांडवीकाठ (पणजी)

माझंही असंच झालंय. होमस्टेसाठी घेतलेल्या सामानाची बिलं मेलमध्ये येतात आणि सापडत नाहीत. काय करू?

खतावणी

इथं पाठवायच्या बिलांबद्दल चाललंय, पण जीमेलच्या शोधखिडकीत `filename:pdf after:2025/04/01` टाकून पाहा, बरीच हाती लागतील.

कातरवेळ (छत्रपती संभाजीनगर)

मी लग्नाचे अल्बम मांडून देतो. माझ्याकडे एक साधी शीट आहे: बिल क्रमांक, पाठवल्याची तारीख, कोणत्या पत्त्यावर, आणि "कोणी हो म्हटलं". हा शेवटचा रकाना ट्रॅकरने भरत नाही. मेलच्या शेवटी एकच ओळ लिहितो: "बिल नोंदीला लागलं की कृपया एका ओळीत कळवा." तिसऱ्या कामाच्या दिवशीही रकाना रिकामा असेल तर फोन करतो. फोनवर पैशाचा विषय काढत नाही, फक्त "बिल दिसतंय का" विचारतो. लोक लगेच पाहून सांगतात, कारण त्यात त्यांना अडचण वाटत नाही.

बिल पुन्हा पाठवायचं झालं तर मी जुन्याच मेलला उत्तर देऊन पाठवतो, म्हणजे आधीची तारीख दिसते.

तारयंत्र

पहिला मेल अडकला असेल तर त्याच जोडलेल्या फाइलसह दुसराही अडकू शकतो. आधी फाइल न जोडता दोन ओळी पाठवा, उत्तर आलं की त्या उत्तरावर बिल जोडा.

खतावणी

आम्हाला मात्र नवा मेल आणि विषयात बिल क्रमांक, हेच सोपं जातं. उत्तराच्या साखळीत जोडलेली फाइल खाली गाडली जाते.

शब्दवेल्हाळ

दोन्ही नोंदी काल दुरुस्त केल्या. आज स्वतःला पाठवलेल्या बिलावर दोन्ही ठिकाणी पास आहे आणि सहीत माझं डोमेन आहे. ऑगस्टचं बिल त्यांनी क्वारंटाइनमधून सोडवून नोंदीला लावलं. खतावणीताई, ऑर्डर क्रमांक कधी मागितलाच नव्हता, आता मागून घेतला. पण दुसऱ्या एका ग्राहकाकडे सगळं पास असूनही आजचं बिल स्पॅममध्येच गेलं.

तारयंत्र

पास म्हणजे पाठवणारे तुम्हीच आहात, एवढंच सिद्ध होतं. पुढचा निर्णय त्यांचा फिल्टर घेतो. त्यांना मेल "स्पॅम नाही" म्हणून काढायला सांगा आणि त्यांच्या आयटीकडून तुमचं डोमेन परवानगीच्या यादीत घालून घ्या. पुढचं बिल कधी जाणार आहे?

शब्दवेल्हाळ

महिनाअखेरीला. काय झालं ते इथंच लिहिते.